ड्युरिंग लिहिलं आणि तारीखच हरवली

पत्र : नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो. माझी शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी कामापुरतं येतं. आमचा ग्राहक चेन्नईचा, त्यामुळे सगळे मेल इंग्रजीत. मागच्या आठवड्यात मी लिहिलं, 'वुई विल सबमिट द रिव्हाइज्ड ड्रॉइंग्ज ड्युरिंग द अप्रूव्हल फेज.' उलट मेल आला, 'व्हेन?' एवढाच. साहेब म्हणाले, ड्युरिंग नाही, विदिन टाक, 'विदिन 10 मार्च'. मग मी सगळीकडे विदिन टाकायला लागले, तर 'विदिन टेस्टिंग द पॅनल' वर साहेबांनी लाल रेघ मारली आणि व्हाइल केलं. पुस्तकातला नियम वाचला की समजतो, मेल लिहायला बसलं की तिन्ही शब्द एकच वाटतात. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या साहेबांनी शब्द बरोबर सुचवला आणि पुढे तारीख जोडून तो बिघडवला. त्याकडे येतोच. पण आधी एक सांगतो. हे तिन्ही शब्द तुम्हाला एकच वाटतात, ते इंग्रजीत. मराठीत तुम्ही त्यांची कधीच गल्लत करत नाही.

डिसेंबरातलं आपलं हिवाळी अधिवेशन घ्या. तुमच्या ऑफिसात त्या दिवसांत ही तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'अधिवेशनादरम्यान सिव्हिल लाइन्सकडून गाडी नेऊ नका.' 'अधिवेशन चालू असताना आपला टेम्पो मोर्चात अडकला होता.' आणि 'अधिवेशन सुरू व्हायच्या आत माल पोहोचवून टाका.' पहिल्या वाक्यात एका काळाचं नुसतं नाव घेतलंय. दुसऱ्यात काहीतरी चालू आहे आणि तेवढ्यात दुसरं काही घडलं. तिसऱ्यात एक भिंत उभी केली आहे आणि काम भिंतीच्या अलीकडे संपायला हवं असं बजावलंय. कोणी तुम्हाला 'अधिवेशनादरम्यान माल पोहोचव' म्हणालं तर तुम्हीच विचाराल, 'म्हणजे कधी?' चेन्नईच्या माणसाने नेमकं तेच विचारलं.

ड्युरिंग हा आपला 'दरम्यान' किंवा 'च्या काळात'. त्याच्या पुढे नाम लागतं : ड्युरिंग द टेस्ट, ड्युरिंग फॅब्रिकेशन, ड्युरिंग द अप्रूव्हल फेज. इंग्रजीत पूर्वी 'ड्युअर' असं एक क्रियापद होतं, अर्थ टिकणं, चालू राहणं. ड्युरिंग त्याच्यातून आला, आणि ड्युरेशन, ड्युरेबल ही त्याचीच भावंडं. तेव्हा ड्युरिंग म्हटलं की 'ते टिकून असेपर्यंतचा काळ' एवढंच सांगून होतं. त्या काळात नेमकं कुठे, सुरुवातीला की शेवटी, एकदा की सारखं, हे तो शब्द सांगतच नाही. व्याकरण म्हणून तुमचं वाक्य शुद्ध होतं. वायदा म्हणून ते रिकामं होतं.

या रिकामेपणाची किंमत मी एकदा चुकवली आहे. मी सव्वीस वर्षं व्यापारी पत्रव्यवहारात काढली. त्यातल्या सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाला मी लिहिलं होतं, 'अवर इंजिनीअर विल बी अव्हेलेबल ॲट साइट ड्युरिंग इन्स्टॉलेशन.' माझ्या मनात दोन दिवसांची भेट होती : पॅनल जागेवर बसले की आमचा माणूस जाणार, केबलची जोडणी तपासणार, परत येणार. ग्राहकाने वाचलं की इन्स्टॉलेशन चालेल तितके दिवस इंजिनीअर इथेच राहणार. इन्स्टॉलेशन तीन आठवडे चाललं. चौथ्या दिवशी माणूस परत निघाला तेव्हा तिकडून फोन आला, आणि मेल काढून बघितला तर चूक कोणाची हे सांगता येईना, कारण ड्युरिंगमध्ये दोन्ही अर्थ बसतात. शेवटी राहण्याजेवणाचा उरलेला खर्च आम्ही सोसला. आज तेच वाक्य मी दोनपैकी एका रीतीने लिहीन. भेट असेल तर 'फॉर टू डेज ड्युरिंग इन्स्टॉलेशन', मुक्काम असेल तर 'थ्रूआउट इन्स्टॉलेशन'. 'फॉर' किती वेळ ते सांगतो, 'ड्युरिंग' कोणत्या काळात ते सांगतो, आणि 'थ्रूआउट' पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत. म्हणूनच 'ड्युरिंग टू डेज' हे इंग्रजीत चालत नाही. दोन दिवस हे काही काळाचं नाव नव्हे, ते माप आहे. 'ड्युरिंग द नेक्स्ट टू डेज' मात्र चालतं, कारण तिथे कोणते दोन दिवस ते ठरलं आणि मापाचं नाव झालं.

मग ड्युरिंग मेलमध्ये वापरायचाच नाही का? वापरा, पण क्रियापद बघून. काही क्रिया पसरलेल्या असतात : लक्ष ठेवणं, भेट देणं, मदत करणं, बंदी असणं. त्यांना ड्युरिंग शोभतो. 'प्लीज डू नॉट स्विच ऑफ द सप्लाय ड्युरिंग द टेस्ट' हे वाक्य अगदी चोख आहे, कारण बंदी पूर्ण काळाची आहे. पण सबमिट, कम्प्लीट, डिस्पॅच, रिप्लाय, अप्रूव्ह या क्रिया एका क्षणी पुऱ्या होतात. काम झालं की झालं, नाही झालं तर नाही. असं क्रियापद आणि ड्युरिंग एका वाक्यात दिसले की थांबायचं आणि वाचणारा 'व्हेन?' विचारेल का ते बघायचं. बहुतेक वेळा विचारतो.

आता व्हाइल. इथे आपण नागपूरकर पुण्यामुंबईच्या लोकांपेक्षा पुढे आहोत, हे मी अभिमानाने नाही, हिशेबाने सांगतो. आपण 'मी जेवून राहिलो', 'पोरगी अभ्यास करून राहिली' असं बोलतो आणि तिकडचे लोक आपल्याला हसतात. पण हे 'करून राहिलो' म्हणजे इंग्रजीतला 'आय ॲम डूइंग', तंतोतंत. व्हाइलची जागा ओळखायला याच्याइतकी सोपी कसोटी नाही. वाक्याचा तो तुकडा 'अमुक माणूस तमुक करून राहिला' असा बोलून बघा. कर्ता आणि क्रियापद दोन्ही घेऊन तो उभा राहिला की तिथे व्हाइल. 'आमची टीम पॅनल टेस्ट करून राहिली होती तेव्हा' : 'व्हाइल अवर टीम वॉज टेस्टिंग द पॅनल'. आणि 'टेस्टच्या वेळी' एवढंच असेल, कोणी काही करून राहिलं नसेल, तर ड्युरिंग द टेस्ट. 'व्हाइल इन्स्टॉलेशन' आणि 'ड्युरिंग इन्स्टॉलिंग द पॅनल' ही जोडी आपल्याकडच्या मेलमध्ये रोज दिसते, आणि दोन्ही याच कसोटीत गळून पडतात. पहिल्यात नुसतं नाम आहे, तिथे ड्युरिंग हवा. दुसऱ्यात क्रिया चालू आहे आणि तिला पॅनल हे कर्मही आहे, तिथे व्हाइल हवा.

तुमच्या 'विदिन टेस्टिंग द पॅनल' वर साहेबांनी रेघ मारली ती म्हणूनच बरोबर. पण 'व्हाइल टेस्टिंग द पॅनल' एवढं करून सोडलं असेल, तर पुढचं वाक्य काय होतं ते मला बघावं लागेल. कारण इथे मराठी आपल्याला फसवते, आणि तेही फार गोड रीतीने.

आपण म्हणतो, 'जेवताना फोन आला.' काही बिघडत नाही. जेवणारा मी, येणारा फोन, हे ऐकणाऱ्याला कळतं. मराठीतल्या 'ताना'ला दोन वेगळे कर्ते चालतात. इंग्रजीत 'व्हाइल ईटिंग, द फोन रँग' असं लिहिलं की लिखित इंग्रजीच्या नियमाने फोनच जेवत बसला होता. कारण कर्ता न सांगता 'व्हाइल' नंतर नुसतं 'ईटिंग' आलं, तर त्याचा कर्ता पुढच्या वाक्याचाच धरला जातो. गप्पांमध्ये कोणी अडवत नाही. मेलमध्ये, त्यातून बिघाडाच्या मेलमध्ये, फरक पडतो. 'व्हाइल टेस्टिंग द पॅनल, द मेन ब्रेकर ट्रिप्ड.' ब्रेकर तर टेस्टिंग करत नव्हता. मग कोण करत होतं? तुमची टीम की ग्राहकाचा इलेक्ट्रिशियन? नव्या पॅनलच्या वॉरंटीचा वाद बहुधा याच एका प्रश्नावर येऊन अडतो, आणि तुम्ही लिहिलेल्या वाक्यात त्याचं उत्तर नसतं. 'द मेन ब्रेकर ट्रिप्ड व्हाइल युवर इलेक्ट्रिशियन वॉज टेस्टिंग द पॅनल' असं लिहिलं की ते येतं. मनातल्या मनात 'करून राहिला' म्हणा, 'कोण?' हा प्रश्न आपोआप पुढे येतो. 'करताना' म्हटलं की तो लपतो.

दोन बारीक गोष्टी व्हाइलबद्दल, आणि पुढे जातो. पुढच्या आठवड्याचं लिहायचं असलं तरी व्हाइलच्या तुकड्यात 'विल' येत नाही : 'व्हाइल वुई आर वायरिंग द पॅनल नेक्स्ट वीक, यू कॅन सेंड द केबल शेड्यूल.' 'विल' असेल तर दुसऱ्या तुकड्यात. आणि व्हाइलचा अर्थ 'जरी' किंवा 'तर' असाही होतो. 'व्हाइल फेज 1 वॉज डिलेड, वुई कम्प्लीटेड फेज 2' यात फेज 1 रखडली होती तेवढ्या काळात फेज 2 केली, की रखडली तरी केली, हे दोन्ही निघतं. प्रगतीच्या अहवालात 'जरी' म्हणायचं असेल तर 'ऑल्दो' लिहा आणि व्हाइल वेळेसाठी राखून ठेवा.

खरा वेळ मला विदिनवर घालवायचा आहे, कारण वायदे त्याच्यावर लटकलेले असतात.

विदिन म्हणजे 'च्या आत', आणि आत म्हटलं की भिंत लागते. ती भिंत मापाची असते : 7 दिवस, 2 आठवडे, 45 दिवस. 'विदिन 7 डेज' म्हणजे पहिल्या दिवशी दिलं तरी चालेल, सातव्या दिवशी दिलं तरी चालेल, आठव्या दिवशी उशीर. तारीख ही माप नाही, तारीख हा एक बिंदू आहे, आणि बिंदूला आत नसतं. मराठीत 'दहा तारखेच्या आत' चालतं, त्यामुळे साहेबांना 'विदिन 10 मार्च' खटकलं नाही. इंग्रजीत तिथे 'बाय 10 मार्च'. बायमध्ये दहा तारीख धरलेली असते. दहा तारीख धरायची नसेल तर 'बिफोर 10 मार्च'. हा फरक मराठीतल्या 'दहाच्या आत' मध्ये स्पष्ट नसतो, म्हणून तुमच्या ऑफिसातच दोघांना विचारून बघा, दोन उत्तरं मिळतील.

बायच्या जागी 'टिल' लिहायचा मोह होतो, त्यालाही कारण मराठीच. आपला 'पर्यंत' दोन कामं करतो. 'दहा तारखेपर्यंत ड्रॉइंग पाठवतो' आणि 'दहा तारखेपर्यंत मी साइटवर आहे.' पहिल्यात काम एकदा पुरं होणार, तिथे बाय. दुसऱ्यात स्थिती चालू राहणार, तिथे टिल किंवा अंटिल. 'वुई विल सबमिट द ड्रॉइंग्ज टिल 10 मार्च' वाचून चेन्नईच्या माणसाला वाटेल की हे लोक दहा तारखेपर्यंत रोज ड्रॉइंगच पाठवत बसणार आहेत.

आणि 'इन'. 'सात दिवसांत देतो' याचं आपण सरळ 'इन 7 डेज' करतो. इंग्रजी वाचणारा त्यातून बऱ्याचदा 'आजपासून सातव्या दिवशी' असं घेतो. आपल्याला म्हणायचं असतं 'त्याआधीही देऊ शकतो, त्यापुढे नाही'. ते सांगायला विदिनच हवा.

पण विदिनला एक पाय लागतो, तो नसेल तर तोही लंगडतो. 'विदिन 7 डेज' : कशापासून सात दिवस? मेल पाठवल्यापासून, शेरे मिळाल्यापासून, की आगाऊ रक्कम खात्यात आल्यापासून? म्हणून विदिनच्या पाठोपाठ 'ऑफ' आणि एक घटना येऊ द्या : 'विदिन 7 डेज ऑफ रिसीव्हिंग युवर कमेंट्स'. शिवाय ते दिवस कोणते, हेही सांगा. तुमचंच उदाहरण करून बघू.

समजा चेन्नईचे शेरे तुम्हाला सोमवारी 3 मार्चला मिळाले आणि तुम्ही सात दिवसांचा वायदा केला. ज्या दिवशी शेरे आले तो दिवस मोजत नाहीत. आपल्याकडे 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये केंद्रीय कायद्यांपुरती हीच रीत आहे : कलम 9 प्रमाणे 'फ्रॉम' लिहिलं की पहिला दिवस वगळायचा, 'टू' लिहिलं की शेवटचा दिवस धरायचा. तुमचा मेल काही कायदा नव्हे, पण मोजायची सवय अशीच आहे. तेव्हा मोजणी मंगळवारी 4 तारखेला सुरू होते. साधे सात दिवस मोजले तर सोमवारी 10 मार्चला संपतात. 'वर्किंग डेज' लिहिलं असतं तर? तुमच्या कारखान्यात शनिवार कामाचा असेल तर 4, 5, 6, 7, 8, मग रविवार सोडून 10 आणि 11. म्हणजे 11 मार्च. चेन्नईच्या ऑफिसला शनिवारी सुट्टी असेल तर ते मोजतील 4, 5, 6, 7, मग 10, 11, 12. म्हणजे 12 मार्च. एकाच वाक्यातून तीन तारखा निघाल्या आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर. त्यात सण मिसळा. धुळवडीला आपल्याकडे कुलूप असतं, चेन्नईत बऱ्याच ठिकाणी कामाचा दिवस. पोंगलला जानेवारीत उलटं.

म्हणून माझी जुनी सवय सांगतो. स्वतःच्या कामाचा वायदा मी विदिनने करतच नाही. दिवस मी स्वतः मोजतो आणि 'बाय मंडे, 10 मार्च' लिहितो. वार लिहिला की मोजण्यातली चूक आपलीच आपल्याला दिसते. विदिन मी समोरच्याकडून काही हवं असतं तिथे ठेवतो, कारण तिथे सुरुवातीची तारीख अजून ठरलेलीच नसते. तुम्ही ड्रॉइंग कधी पाठवाल त्यावर त्यांची मंजुरी अवलंबून, त्यांची मंजुरी कधी येईल त्यावर तुमचं फॅब्रिकेशन. साखळीतल्या पुढच्या कड्यांना तारीख देता येत नाही, माप देता येतं.

पैशांच्या वाक्यात तर हा पाय सोडूच नका. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात खरेदीदाराने लेखी कराराने कितीही मुदत ठरवली तरी ती माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. कायदा मोजणी कुठून सुरू करायची तेही सांगतो, कारण नुसतं '45 दिवस' म्हणून भागत नाही. तुमच्या मेलमध्ये 'पेमेंट विदिन 45 डेज' असेल आणि ग्राहक ते कमिशनिंगपासून मोजत असेल, तर पॅनल त्यांच्या गोदामात दोन महिने पडून राहिलं की तुमचे पैसेही पडून राहिले. 'विदिन 45 डेज ऑफ डिलिव्हरी' हे दोन शब्द जास्त लिहायचे, बाकी काही नाही.

आणखी एक जागा आहे जिथे विदिन आणि ड्युरिंग दोन्ही शुद्ध असतात आणि अर्थ पार बदलतो : टप्प्यांची नावं. 'ट्रेनिंग विल बी गिव्हन ड्युरिंग फेज 2' हे वेळेबद्दल आहे, फेज 2 चालू असेल त्या काळात ट्रेनिंग होईल. 'ट्रेनिंग इज इन्क्लूडेड विदिन फेज 2' हे व्याप्तीबद्दल आहे, फेज 2 च्या कामात आणि किमतीत ट्रेनिंग धरलेलं आहे. ग्राहकाचे ऑपरेटर नवे असतील आणि त्याला दुसऱ्यांदा ट्रेनिंग हवं असेल, तेव्हा तो तुमचा जुना मेल काढतो. ड्युरिंग लिहिलं असेल तर पैशांची बोलणी करता येतात. विदिन लिहिलं असेल तर तो म्हणतो, हे धरलेलंच होतं ना. जे म्हणायचं ते ठरवून लिहा. नुसता शब्द भारदस्त वाटतो म्हणून 'विदिन फेज 2' टाकू नका.

आता तुमच्या मेलकडे. 'व्हेन?' चं उत्तर लांबवू नका, माफीही मागू नका. तेवढ्याच आकाराचं उत्तर द्या : 'बाय मंडे, 10 मार्च.' ड्रॉइंग जोडून पाठवाल तेव्हा पूर्ण मेल असा लिहा. वाक्यं मुद्दाम छोटी ठेवली आहेत.

'वुई रिसीव्ह्ड युवर कमेंट्स ऑन 3 मार्च. द रिव्हाइज्ड ड्रॉइंग्ज आर अटॅच्ड. प्लीज सेंड युवर अप्रूव्हल विदिन 5 वर्किंग डेज ऑफ रिसीव्हिंग देम, दॅट इज, बाय मंडे, 17 मार्च. व्हाइल यू आर रिव्ह्यूइंग द ड्रॉइंग्ज, वुई विल ऑर्डर द ब्रेकर्स. वुई कॅनॉट चेंज द टर्मिनल लेआउट ड्युरिंग फॅब्रिकेशन.'

17 तारीख कशी आली ते बघा. तुम्ही 10 तारखेला पाठवलं, चेन्नईचा शनिवार-रविवार सोडला, 11 ते 14 हे चार दिवस आणि सोमवारचा पाचवा. त्यांच्या सुट्ट्या धरल्या आहेत, कारण काम त्यांना करायचं आहे. विदिन आणि बाय दोन्ही लिहिले, कारण ड्रॉइंग तुमच्याकडून दोन दिवस उशिरा गेलं तर माप तेच राहतं आणि तारीख तेवढी बदलून लिहिता येते.

व्हाइलच्या वाक्यात 'यू' आहे. ड्रॉइंग कोण तपासून राहिलंय ते उघड आहे, आणि ब्रेकर कोण मागवणार तेही. ब्रेकर यायला वेळ लागतो, म्हणून ती ऑर्डर मंजुरीची वाट न बघता आधी द्यायची हा धोका तुम्ही घेताय. साहेबांना ते आधी विचारून घ्या. मंजुरीत ब्रेकरचं रेटिंगच बदललं तर मागवलेला माल कपाटात बसेल, आणि तेव्हा हे वाक्य तुमच्या नावावर असेल. साहेब नको म्हणाले तर ते एक वाक्य काढून टाका, बाकी मेल तसाच उभा राहतो.

शेवटच्या वाक्यात मात्र ड्युरिंग ठेवला आहे. पत्रा कापून, भोकं पाडून, डीन रेल बसवून झाली की टर्मिनलची जागा हलवता येत नाही, मग ते फॅब्रिकेशनच्या पहिल्या दिवशी सांगा की शेवटच्या. बंदी पूर्ण काळाची आहे.

राहता राहिले साहेब. 'तुमचं चुकलं' असं म्हणायची गरज नाही. मेलचा मसुदा दाखवताना एवढंच विचारा, 'सर, इथे मी दिवस मोजून तारीख टाकली आहे, तर विदिनच्या जागी बाय ठेवू ना?' ते बहुधा 'हो, मी तेच म्हणून राहिलो होतो' असं म्हणतील.